पदराची एक फोड, नक्षीचे अख्खे वर्तुळ

गेल्या नवरात्रात आमच्या घरातल्या मोबाइलवर एक गोल नक्षी आली. मधोमध गडद लाल फूल, त्याभोवती चोचीला चोच लावून बसलेल्या मोरांच्या 6 जोड्या आणि सगळ्यात बाहेर जरीच्या काठाचा नेमका षटकोन. आई ती दोन बोटांनी मोठी करून बराच वेळ बघत होती. "इतकं बारीक कुणी काढलं असंल?" असे तिने विचारले आणि मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला, कारण ते कोणी काढलेच नव्हते. पैठणीच्या पदराचा एक साधा फोटो होता, त्यातला एक अरुंद त्रिकोणी तुकडा उचलला होता आणि बाकीचे सगळे त्या एका तुकड्याच्या प्रतिबिंबांनी केले होते.

अशा नक्षींना हल्ली सर्रास मंडल म्हणतात. त्या तयार करणारी ॲप पुष्कळ आहेत आणि बहुतेकांत एक बटण दाबले की काम होते. मात्र त्याच पदराच्या फोटोतून एकाला मोरांचे रिंगण मिळते आणि दुसऱ्याला लाल-पिवळ्या रंगांचा गिचका मिळतो, असे का होते, हे बटण सांगत नाही. ते समजण्यासाठी मुळात काय घडते ते पाहावे लागेल.

घडी घातलेला पतंगी कागद

लग्नघरी किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात पतंगी कागदाची फुले कापली जातात. चौकोनी कागद एकदा, मग दुसऱ्यांदा आणि मग तिरपा तिसऱ्यांदा दुमडला की हातात 8 थरांचा त्रिकोण येतो. त्याच्या एका बाजूला कात्रीने अर्धी करंजी कापली आणि कागद उलगडला, तर अर्ध्या करंजीची पूर्ण करंजी झालेली असते आणि तशा 4 करंज्या गोलाकार बसलेल्या दिसतात. इथे कात्री एकदाच चालली. बाकीचे काम घड्यांनी केले, कारण प्रत्येक घडी हा एक आरसा असतो आणि घडीच्या अलीकडचे पलीकडे उलटे उमटते.

फोटोपासून नक्षी करताना हेच घडते. वर्तुळाच्या त्या तुकड्याला भूमितीच्या पुस्तकात वर्तुळपाकळी म्हणतात, पण पुढे फुलाच्या पाकळ्यांशी घोटाळा नको म्हणून आपण त्याला मोसंबीसारखी फोड म्हणू. फोडीला एक टोक असते, जे नक्षीचा मध्य होते, आणि दोन सरळ कडा असतात, ज्या आरशाचे काम करतात. 6 पाकळ्यांची नक्षी हवी असेल तर फोड 30 अंशांची घ्यायची. तिचे प्रतिबिंब शेजारी लावले की 60 अंशांची एक पाकळी होते आणि अशा 6 पाकळ्यांनी 360 अंश भरतात. म्हणजे फोडी 12 आणि त्यांपैकी एकाआड एक उलटी.

शोभादर्शक नावाचे खेळणे याच तत्त्वावर चालते. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी ते 1816 मध्ये शोधले आणि 1817 मध्ये त्याचे पेटंट घेतले. जत्रेत मिळणाऱ्या नळीत मात्र बहुधा काचेच्या 3 पट्ट्या त्रिकोणात बसवलेल्या असतात. त्यात एक फूल दिसत नाही, तर बांगड्यांच्या तुकड्यांची नक्षी चहूकडे फरशीसारखी पसरत जाते. मध्य असलेले एकच गोल फूल हवे असेल तर आरसे 2 लागतात आणि आपली फोड म्हणजे त्या 2 आरशांमधली जागा.

नुसते गोल फिरवले तर काय बिघडते?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. 60 अंशांचा तुकडा घेऊन तो प्रतिबिंब न करता 6 वेळा फिरवला तरी वर्तुळ भरतेच. अडचण सांध्यावर येते. तुकड्याच्या डाव्या कडेला हिरवी वेल असेल आणि उजव्या कडेला लाल पोत असेल, तर फिरवल्यावर एकाची हिरवी कड दुसऱ्याच्या लाल कडेला चिकटते आणि मध्यापासून बाहेरपर्यंत 6 रेघा स्पष्ट दिसतात. प्रतिबिंबात असे होऊ शकत नाही, कारण तिथे डावी कड डाव्या कडेलाच भेटते आणि हिरव्याशेजारी तेच हिरवे येते. सांधा लपवावा लागत नाही, तो मुळात उघडा पडतच नाही.

तरीही नुसते फिरवणे ही कमअस्सल पद्धत नव्हे. तिच्यात सगळे मोर एकाच दिशेने, एकामागून एक चालतात आणि नक्षी फिरत असल्याचा भास होतो. प्रतिबिंबात ते समोरासमोर येतात आणि नक्षी स्थिर होते. फोटोत अक्षरे असतील तर हा फरक लगेच कळतो, कारण प्रतिबिंबाच्या नक्षीत निम्मी अक्षरे उलटी वाचावी लागतात.

इथे एक अट पाळावी लागते. फोडींची संख्या सम हवी. माळेत एकाआड एक लाल आणि काळा मणी ओवला आणि एकूण मणी विषम झाले, तर गाठ मारताना दोन लाल मणी शेजारी येतात. सुलट-उलट फोडींचेही तसेच आहे. म्हणून 5 पाकळ्या हव्या असतील तर 72 अंशांच्या 5 फोडी चालत नाहीत, 36 अंशांच्या 10 घ्याव्या लागतात.

संगणक हे उलट्या बाजूने करतो

हाताने करायचे तर फोड कापावी, तिची प्रत उलटी करून शेजारी लावावी आणि ती जोडी 60-60 अंशांनी फिरवत जावी. अनेक जण असेच करतात आणि मग नक्षीत मध्यापासून निघालेल्या केसासारख्या बारीक फिकट रेषा पाहून गोंधळतात. त्याचे कारण असे की फोटो हा चौकोनी ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा, बनलेला असतो आणि तिरप्या कडेवर अर्धवट कापले गेलेले ठिपके अर्धपारदर्शक होतात. दोन फोडी चिकटल्या तरी त्या कडेतून मागचा पांढरा रंग डोकावतो. फोड 30 ऐवजी 31 अंशांची कापून किंचित एकमेकांवर चढवली की त्या रेषा जातात.

चांगले प्रोग्रॅम हे टाळतात, कारण ते फोड उचलून ठेवतच नाहीत. ते नक्षीचा कोरा कागद घेतात आणि त्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला विचारतात की तुझा रंग मूळ फोडीतल्या कोणत्या जागेवरून आणायचा. समजा, एक ठिपका मध्यापासून 400 पिक्सेल दूर आणि 200 अंशांच्या दिशेला आहे. 200 ला 60 ने भागले तर बाकी 20 उरते. ती 30 च्या आत आहे, म्हणून रंग फोडीतल्या 20 अंशांवरून, त्याच 400 पिक्सेल अंतरावरून घ्यायचा. दुसरा ठिपका 225 अंशांवर असेल तर बाकी 45 येते. ती 30 च्या पुढे आहे, म्हणजे हा ठिपका उलट्या फोडीतला आहे, तेव्हा 60 मधून 45 वजा करून 15 अंशांवरचा रंग आणायचा. सगळी नक्षी एवढ्याच हिशोबावर उभी आहे. प्रत्येक ठिपक्याला कुठला ना कुठला रंग मिळतोच, त्यामुळे फट राहायला जागा नसते. GIMP या मोफत प्रोग्रॅममधील `Kaleidoscope` हा फिल्टर असेच काम करतो आणि त्यात `Mirrors` या चौकटीत 6 लिहिले की 6 पाकळ्या, म्हणजे 12 फोडी पडतात.

टोक कुठे ठेवावे, यात अर्धे काम आहे

आता तो पदर घेऊ. फोटो नेहमीच्या मोबाइलचा, 4000 पिक्सेल रुंद आणि 3000 उंच. गडद लाल पोतावर सुमारे 300 पिक्सेलचा एक मोर, त्याच्या पायाशी वेल आणि थोडे दूर जरीचा सरळ काठ. पहिल्यांदा हे करणारा माणूस हमखास एक गोष्ट करतो. मोर सुंदर आहे, म्हणून फोडीचे टोक मोराच्याच डोळ्यावर ठेवतो. मीही तेच केले होते. निघाला तो काळा ठिपका, त्याभोवती निळे कडे, त्याभोवती हिरवे कडे. त्यात मोर कुठेच नव्हता.

असे होण्याचे कारण मोसंबीच्या फोडीत आहे. ती टोकाशी अगदी चिंचोळी असते. 30 अंशांची फोड टोकापासून 10 पिक्सेलवर जेमतेम 5 पिक्सेल रुंद असते, 100 पिक्सेलवर 52 आणि 650 पिक्सेलवर 340. मोराची मान 100 पिक्सेल रुंद असेल आणि फोड तिथे 52 पिक्सेलचीच असेल, तर फोडीला मान दिसत नाही, नुसता मानेचा निळा रंग दिसतो आणि तो 12 वेळा फिरून निळे कडे होतो. एखादी वस्तू नक्षीत ओळखू यावी असे वाटत असेल तर ती जिथे फोड तिच्याहून थोडी रुंद असते तिथे यायला हवी. 300 पिक्सेलच्या मोरासाठी ती जागा टोकापासून साधारण 650 पिक्सेलवर आहे. म्हणून टोक मोरापासून दूर, साध्या लाल पोतावर ठेवायचे. मध्यभागी त्यामुळे शांत लाल रंग येतो आणि पोतावरच्या एखाद्या बुट्टीचा कोपरा टोकाजवळ आला तर त्याचे आपोआप फूल होते. आईने पाहिलेले फूल असेच आलेले होते.

मोर फोडीत आला तरी काम संपत नाही, कारण आता कडांचा प्रश्न येतो. कड मोराच्या चोचीच्या किंचित पुढून गेली, तर पलीकडे त्याचे प्रतिबिंब चोचीला चोच लावून उभे राहते. टोक तिथेच ठेवून फोड 7-8 अंशांनी वळवली आणि कड मानेतून गेली, तर चोच कापली जाते, दोन माना एकमेकींत मिसळतात आणि मोराच्या जागी कलशासारखा काहीतरी आकार उगवतो. तो वाईट असतोच असे नाही. पदरात कधीच नसलेले असे आकार कडेवरच जन्मतात आणि मला विचाराल तर या प्रकारातली खरी मजा तिथेच आहे. मोराचे काय होणार हे फोडीच्या पोटात काय आहे यावरून ठरत नाही, कडेने त्याला कुठे कापले यावरून ठरते.

एकाच काठाचा षटकोन, बारा बाजूंची आकृती आणि चांदणी

कडांचा हा प्रभाव सरळ रेषेवर सगळ्यात स्वच्छ दिसतो, म्हणून क्षणभर मोर बाजूला ठेवून फक्त जरीचा काठ घेऊ. फोडीचे टोक काठापासून सरळ, म्हणजे लंब अंतराने, 450 पिक्सेलवर आहे.

फोडीची एक कड काठाला काटकोनात भेटत असेल तर तिथे काठ आणि त्याचे प्रतिबिंब एका सरळ रेषेत येतात आणि सांधा कळतच नाही. दुसऱ्या कडेला काठ 60 अंशांत भेटतो, कारण त्रिकोणाचे तीन कोन मिळून 180 व्हायला हवेत आणि त्यातले 30 टोकाने व 90 पहिल्या कडेने घेतले. प्रतिबिंबासह तिथे 120 अंशांचा कोपरा होतो. असे 6 कोपरे म्हणजे नियमित षटकोन.

आता टोक तिथेच ठेवून फोड 15 अंश अशी वळवली की काठ दोन्ही कडांना सारख्याच, 75 अंशांच्या कोनात भेटेल, तर प्रत्येक कडेवर 150 अंशांचा बोथट कोपरा होतो आणि 12 बाजूंची, जवळजवळ गोल दिसणारी आकृती मिळते. षटकोनाच्या स्थितीपासून उलट दिशेला 30 अंश वळवली तर एका कडेवर काठ 120 अंशांत आणि दुसऱ्या कडेवर 30 अंशांत भेटतो. एकाचा कोपरा आत दुमडतो, दुसऱ्याचा 60 अंशांचा टोकदार कोपरा बाहेर येतो आणि 6 कोनांची चांदणी उमटते. तिचे आतले कोपरे मध्यापासून सुमारे 520 पिक्सेलवर आणि टोके 900 पिक्सेलवर येतात. काठ तोच, टोक तेच, फक्त फोड वळली.

हे माहीत असले की ॲपमधली फिरवण्याची पट्टी अंदाजाने सरकवावी लागत नाही. गोलाई हवी असेल तर रेषा दोन्ही कडांना सारख्या भेटू द्याव्यात आणि टोकदारपणा हवा असेल तर त्या एका कडेला तिरप्या जाऊ द्याव्यात.

"पण माझ्या नक्षीला पंख्यासारख्या चुण्या का दिसतात?"

या तक्रारीचे मूळ नक्षीत नसून उजेडात असते. पदर खिडकीशेजारी अंथरून फोटो काढला तर खिडकीकडची बाजू उजळ आणि पलीकडची मंद असते. फोडीची एक कड त्यामुळे उजळ होते आणि दुसरी अंधारी. प्रतिबिंबात उजळ कड उजळ कडेला आणि अंधारी कड अंधारीला भेटते, मग डोळ्याला तिथे एक उंचवटा आणि एक खळगा असल्याचा भास होतो आणि सपाट कापड कागदी पंख्यासारखे दुमडलेले वाटते. डोळे अर्धवट मिटून नक्षीकडे पाहिले की या चुण्या लगेच ओळखू येतात, कारण बारीक तपशील पुसट होतो आणि उजेड-अंधाराचे पट्टेच उरतात. यावर नंतर उपाय करत बसण्यापेक्षा पदर सावलीत, ओट्यावर किंवा मांडवाखाली अंथरून, मोबाइल बरोबर वरून धरून फोटो काढणे सोपे. मोबाइल तिरपा धरला तर जरीचा काठ दूर जाताना निमुळता होतो आणि षटकोनाच्या पट्टीची जाडी जागोजागी बदलते.

"मग यात माणसाचे काम काय राहिले?"

हा आक्षेप मी दोनदा ऐकला आहे आणि तो अगदीच फोल नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील छतांवर रंगवलेली गोलाकार नक्षी पाहिली तर प्रत्येक आकृती चित्रकाराने पुन्हा नव्याने काढलेली दिसते. एक वळण थोडे वेगळे, एक पान थोडे मोठे. फोडीच्या नक्षीत तसे काही नसते. त्यातले 12 मोर हे खरोखर एकच मोर असतात आणि एकाचा धागा सुटलेला असेल तर बाराही जणांचा सुटलेला दिसतो. पैठणीवरचा मोर ज्याने मागावर विणला त्याचे कामही या नक्षीत उसने घेतलेले असते. निवड मात्र करणाऱ्याची असते. 4000 गुणिले 3000 म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपक्यांच्या फोटोतून 1000 पिक्सेल लांबीची 30 अंशांची फोड जेमतेम 2 लाख 62 हजार ठिपके घेते, म्हणजे फोटोचा सुमारे 2.2 टक्के भाग. बाकी सगळा टाकून द्यायचा आणि नेमका कोणता ठेवायचा, एवढेच ठरवायचे असते.

छापायला किती मोठी करता येते?

1000 पिक्सेल लांबीच्या फोडीतून 2000 पिक्सेल व्यासाचे वर्तुळ होते. पत्रिकेवर किंवा शुभेच्छापत्रावर इंचाला 300 पिक्सेल या हिशोबाने ते सुमारे 17 सेंटिमीटर येते आणि स्वच्छ छापले जाते. हीच नक्षी देवीच्या मंडपासाठी 2 मीटरच्या फ्लेक्सवर ताणली तर एकेक पिक्सेल 1 मिलिमीटरचा होतो. रस्त्यावरून ते कळणार नाही, पण दर्शनाच्या रांगेत फ्लेक्सला खेटून उभे राहणाऱ्याला मोराच्या पिसांचे चौकोनी दाणे दिसतील.

इथे बहुतेकांची समजूत अशी असते की नक्षी फोटोपेक्षा मोठी होऊच शकत नाही. ती होऊ शकते, कारण फोटोत अख्खे वर्तुळ मावायची गरज नसते, फक्त फोड मावली पाहिजे. 3000 पिक्सेल लांबीची 30 अंशांची फोड तिच्या रुंद टोकाशी साधारण 1570 पिक्सेलची असते आणि 4000 गुणिले 3000 च्या फोटोत ती आडवी आरामात बसते. तिच्यातून 6000 पिक्सेल व्यासाचे वर्तुळ निघते आणि त्यातला एकही पिक्सेल ताणलेला नसतो. त्यासाठी मोबाइल पदराच्या इतका जवळ न्यावा लागतो की मोर 300 ऐवजी 900 पिक्सेलचा दिसेल, आणि मग फोडीचे टोक त्याच्यापासून 650 ऐवजी 1950 पिक्सेलवर, फोटोच्या एका कोपऱ्याकडच्या लाल पोतावर ठेवावे लागते. 2 मीटरच्या फ्लेक्सवर अशा नक्षीचा पिक्सेल मिलिमीटरचा तिसरा हिस्सा असतो आणि रांगेतल्या माणसाला तिथे दाण्यांच्या ऐवजी पैठणीचा धागा दिसतो.